गीतलेखन स्पर्धेचं परीक्षण: शब्दांना गुण कसे द्यावेत

गीतलेखन स्पर्धेत परीक्षक म्हणून पहिल्यांदा बसणाऱ्याच्या हातात साधारणपणे कागदांचा एक गठ्ठा येतो आणि सोबत चार शब्द: नवेपणा, सुसंगती, गेयता आणि भावनेचा खरेपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण द्या, एवढीच सूचना असते. एवढ्यावर काम सुरू केलं तर तीन परीक्षकांची तीन वेगळी मोजमापं तयार होतात. एकाचा सात म्हणजे दुसऱ्याचा पाच, आणि निकाल गाण्यापेक्षा परीक्षकाच्या हाताच्या सढळपणावर ठरतो. हे टाळायचं असेल तर निकषाचं नाव पुरत नाही. प्रत्येक गुणाचा अर्थ आधी लिहून ठेवावा लागतो.

दहाची पट्टी सोडून द्या. सहा आणि सात यांच्यातला फरक शब्दांत सांगता येत नाही आणि जो फरक सांगता येत नाही तो सांभाळताही येत नाही. शून्य ते चार एवढी पट्टी पुरते. चार म्हणजे त्या निकषात बोट ठेवायला जागा नाही. तीन म्हणजे चांगलं, पण एखादी ओळ अडते. दोन म्हणजे निम्मं साधलं आहे, निम्मं नाही. एक म्हणजे प्रयत्न दिसतो, परिणाम दिसत नाही. शून्य म्हणजे तो गुण गाण्यात नाहीच. विजेत्या गीताला पुढे चाल लावायची असेल तर गेयतेचे गुण दुप्पट धरावेत, म्हणजे एकूण वीस होतात. गीत फक्त छापायचं असेल तर दुप्पट करायचं कारण नाही. हा निर्णय स्पर्धा जाहीर करतानाच घ्यायचा आणि नियमांत लिहायचा. कागद वाचल्यावर भारांक बदलणं म्हणजे विजेता आधी ठरवून नियम नंतर करणं.

उसनं गाणं, म्हणजे दुसऱ्याच्या ओळी उचललेलं, हा गुणांचा प्रश्नच नाही. ते सिद्ध झालं तर प्रवेशिका बाद होते. संशय असेल तर तसं वेगळ्या कागदावर लिहून आयोजकांकडे द्या आणि गुण नेहमीसारखेच द्या. संशयापोटी नवेपणात एक गुण कापणं हा दोन्ही बाजूंनी अन्याय आहे.

वाचायला बसण्याआधी

प्रवेशिकांवरची नावं काढून क्रमांक घाला आणि सगळी गीतं एकाच टाइपात, एकाच आकारात छापून घ्या. सुबक अक्षर आणि सजवलेला कागद नकळत गुण खेचतात. काही स्पर्धक सोबत ध्वनिमुद्रण पाठवतात. शब्दांची स्पर्धा असेल तर ते गुण देऊन होईपर्यंत ऐकू नका, कारण चांगला आवाज अडखळणारी ओळही झाकून टाकतो.

मग सगळ्या परीक्षकांनी मिळून स्पर्धेबाहेरची तीन गीतं तपासायची: एक चांगलं, एक मध्यम आणि एक कच्चं. आधी स्वतंत्र गुण द्या, मग तुलना करा. जिथे दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडेल तिथे थांबून कोणत्या ओळीमुळे हे विचारा. या तासाभरात पट्टी जेवढी जुळते तेवढी नंतरच्या वादावादीत कधीच जुळत नाही.

प्रत्यक्ष वाचनात नवे परीक्षक एक चूक हमखास करतात. एक गीत घेतात, चारही रकाने भरतात आणि पुढच्याकडे जातात. पहिल्या कडव्यातली प्रतिमा आवडली की ती आवड चारही रकान्यांत झिरपते आणि गेयतेलाही चार पडतात. त्याऐवजी एकेका निकषाची फेरी करा. सगळ्या गीतांची गेयता एका फेरीत, सुसंगती दुसऱ्या फेरीत. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक गुणामागे तोच निकष राहतो. एका परीक्षकाने क्रमांक एकपासून सुरुवात केली तर दुसऱ्याने शेवटून करावी. पंधरा-वीस गीतांनंतर कान थकतो, तेव्हा थांबा. आणि फेरी संपली की पहिली पाच गीतं पुन्हा तपासा, कारण सुरुवातीला हात आखडता असतो किंवा सैल, शेवटी तो तसा राहत नाही.

एक गीत हातात घेऊन

सरावासाठी रचलेलं हे छोटं गीत पाहा.

खुंटीवरती छत्री ओली
दार अजूनी उघडे आहे

झोपेमध्ये कूस बदलता
दोन उशांच्या मधली जागा
हात चुकूनी शोधत आहे

कितीक वर्षे सरली आता
हृदयाची या वेदना तीव्र
प्रेम तुझे मज जाळत आहे

पहिल्या दोन ओळी ध्रुवपद, पुढे तीन-तीन ओळींचे दोन अंतरे. हेच गीत चारही निकषांतून नेऊ.

गेयता

सुरुवात इथूनच करा, कारण हा एकच निकष बऱ्याच अंशी मोजता येतो. र्‍हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, अनुस्वारयुक्त किंवा ज्याच्यावर पुढच्या जोडाक्षराचा आघात येतो त्या र्‍हस्वाच्याही दोन. ‘खुंटीवरती’ म्हणजे दोन, दोन, एक, एक, दोन, झाल्या आठ. ‘छत्री ओली’ याही आठ. ओळ सोळा मात्रांची, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाच्या दोन आवर्तनांत चपखल बसणारी. पुढची ओळही सोळाच.

इथे एक गोष्ट नव्या माणसाला फसवते. मराठीत बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. ‘दार’ म्हणताना ‘र’ जवळजवळ पाय मोडकाच असतो. गाताना मात्र त्या ‘र’ला स्वतःची मात्रा मिळते. त्यामुळे ओळ बोलून पाहिली तर तोकडी वाटते आणि ताल धरून म्हटली की पुरते. म्हणून मात्रा मोजताना लिहिलेलं अक्षर धरायचं.

मात्रा जुळल्या म्हणजे काम झालं असं मात्र नाही. सगळं गीत सोळा मात्रांचं असलंच पाहिजे असाही नियम नाही. मुक्त बांधणीच्या गीतालाही चाल लागते. खरा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही अंतरे सहसा एकाच चालीत गायले जातात. तेव्हा पहिल्या अंतऱ्याची दुसरी ओळ आणि दुसऱ्या अंतऱ्याची दुसरी ओळ शेजारी ठेवा:

दोन उशांच्या मधली जागा
हृदयाची या वेदना तीव्र

दोन्हींच्या मात्रा सोळाच. आता टाळीवर म्हणून पाहा. केरव्याच्या प्रत्येक आवर्तनात पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर काल, म्हणजे टाळी न देता दाखवायची जागा. दुसऱ्या आवर्तनात ‘मधली’ चार मात्रांत संपतो आणि ‘जागा’ कालावर स्वच्छ उभा राहतो. ‘वेदना’चा ‘ना’ मात्र चौथ्या मात्रेवर सुरू होऊन पाचवीत सांडतो. काल ‘ना’च्या पोटात पडतो. कुशल गायक हे निभावून नेईल, पण तेवढ्यासाठी त्याला चाल वाकवावी लागेल.

त्याहून मोठी अडचण ओळीच्या टोकाला आहे. ओळीचा शेवट हा सूर लांबवण्याची जागा असतो. ‘जागा’मधल्या ‘गा’वर गायक हवा तेवढा थांबू शकतो, कारण ‘आ’ मोकळा स्वर आहे. त्याच जागी दुसऱ्या अंतऱ्यात ‘व्र’ आला. ‘ती’ लांबवला तर ‘व्र’ शेपटीसारखा लोंबतो. ‘व्र’ लांबवला तर ‘तीव्रा’ असं काहीतरी ऐकू येतं. म्हणून चाचणी सोपी ठेवा: प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर चार मात्रा धरून ठेवा. आ, ए, ओ असतील तर आवाज सहज राहतो. ई आणि ऊ वरच्या पट्टीत आवळतात. ट, क, त यांसारख्या व्यंजनाने बंद होणारा किंवा जोडाक्षराने संपणारा शब्द लांब सुरावर ठेवला असेल तर शेजारी खूण करा.

तिसरी चाचणी श्वासाची. मध्यम गतीत, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर, सोळा मात्रांची ओळ आठ सेकंदांत होते. तेवढा श्वास पुरतो. पण वाक्य दोन ओळी ओलांडून अखंड वाहत असेल तर सोळा सेकंद लागतात आणि श्वास भलत्याच ठिकाणी, कधी शब्दाच्या मध्यात, तुटतो. नमुना गीतात पहिल्या अंतऱ्याचं वाक्य तीन ओळींचं आहे, पण ‘बदलता’पाशी अर्थ विसावतो, त्यामुळे तिथे श्वास घेता येतो.

चौथी गोष्ट ध्रुवपदावर परतण्याची. दोन्ही अंतरे ‘आहे’वर संपतात आणि ध्रुवपदही ‘आहे’वरच. कानाला घरी आल्यासारखं वाटतं. ही जमेची बाजू नोंदवा. परीक्षक फक्त दोष लिहितात आणि मग कागदावर सगळी गीतं सारखीच वाईट दिसतात. एका ओळीत दोन अडचणी, बाकी सात ओळी सुरेख: गेयता तीन.

सुसंगती

सुसंगती म्हणजे गोष्ट सरळ रेषेत सांगितली पाहिजे असं नव्हे. गाणं उड्या मारू शकतं. पण त्याच्या जगात कोण बोलतंय, कुणाशी, केव्हा आणि कुठे हे एकमेकांशी भांडता कामा नये. समासात हे चार प्रश्न लिहून प्रत्येक कडव्यासमोर उत्तरं भरा.

ध्रुवपद: कुणीतरी छत्री न घेता आत्ताच गेलं आहे; ती अजून ओली आहे आणि दारही लागलेलं नाही, यावरून ते कळतं. पहिला अंतरा: त्याच रात्री, झोपेत. इथपर्यंत धागा पक्का आहे. दुसरा अंतरा सांगतो, ‘कितीक वर्षे सरली’. वर्षं सरली तर छत्री ओली कशी? प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपद परत येणार आहे, म्हणजे ही विसंगती झाकली जात नाही, उलट ती ओळ पुन्हा गायली गेली की ठळक होते.

इथे परीक्षकाचा मोह असा की छत्री ही आठवणीतली आहे, मनात ती अजून ओली आहे, असं स्वतःच भरून काढायचं. तसा इशारा शब्दांत असता तर ही गीताची सर्वांत देखणी जागा ठरली असती. पण इशारा नाही. जे कागदावर नाही त्याला गुण देऊ नका, कारण तुम्ही एका गीतासाठी जी रिकामी जागा भरता ती दुसऱ्यासाठी भरणार नाही.

आणखी एक चाचणी: अंतऱ्यांची अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडलं नाही तर कडवी नुसती एकाखाली एक मांडली आहेत. तसंच ध्रुवपद दुसऱ्यांदा आल्यावर अर्थाने थोडं वाढलं का ते बघा. नमुन्यात पहिल्या अंतऱ्यानंतर ‘दार अजूनी उघडे आहे’ ही साधी नोंद राहत नाही, ते वाट पाहणं होतं. ही मोठी कमाई आहे. पण काळाची गाठ सुटलेलीच राहते आणि ती अर्थाच्या मुळाशी आहे. सुसंगती दोन.

नवेपणा

नवेपणा म्हणजे विचित्रपणा नाही. छत्री, दार, उशी हे रोजचे शब्द आहेत; नवं आहे ते पाहणं. चाचणी अशी: ओळीचा उत्तरार्ध हाताने झाका आणि अंदाज बांधा. ‘प्रीत’नंतर ‘रीत’, ‘मन’ म्हटल्यावर ‘पाखरू’, ‘सागर’ म्हटल्यावर ‘किनारा’ असं तुम्हाला आधीच कळत असेल तर ओळ स्पर्धकाने लिहिलेली नाही, सवयीने लिहिलेली आहे. ‘दोन उशांच्या मधली’ म्हटल्यावर ‘जागा’ कळेलही, पण झोपेतला हात ती जागा चुकून शोधतो हे कळत नाही. ‘प्रेम तुझे मज’ म्हटल्यावर मात्र ‘जाळत’ कुणीही सांगेल. त्या ओळीतलं ‘मज’ही बाकीच्या गीताच्या साध्या बोलीत परकं वाटतं. ओवी, अभंग किंवा गझलेचा जुना साचा वापरला म्हणून गुण कापू नका. साचा सगळ्यांचा असतो, भरलेलं काय आहे ते तपासायचं. नवेपणा तीन.

भावनेचा खरेपणा

हा निकष सर्वांत जास्त चुकीचा वापरला जातो. प्रसंग कवीच्या आयुष्यात घडला का, हे विचारायचं नाही. ते तुम्हाला कळू शकत नाही आणि त्याचा संबंधही नाही. विचारायचं एवढंच की ज्या भावनेचा दावा गीत करतं ती शब्दांनी कमावली आहे का.

पेन्सिल घ्या आणि भावनांची नावं खोडा: वेदना, प्रेम, दुःख, विरह, आनंद. मग उरलेलं वाचा. नमुन्याच्या पहिल्या पाच ओळींत खोडायला काहीच सापडत नाही, तरी विरह आहे. दुसऱ्या अंतऱ्यातून ‘वेदना’ आणि ‘प्रेम’ काढलं तर मागे उरतं हृदय, तीव्र आणि जाळणं. तिथे काही दिसत नाही, ऐकू येत नाही. जे आधीच्या ओळींनी दाखवलं तेच इथे नाव घेऊन सांगितलं आहे, आणि सांगितल्यामुळे ते लहान झालं आहे. दुसरी चाचणी बोलणाऱ्या माणसाची: मध्यरात्री रिकामी जागा चाचपडणारा माणूस ‘हृदयाची या वेदना तीव्र’ असं मनातही म्हणेल का?

दोन सापळ्यांपासून सावध राहा. एक, विषयाचं वजन. आई, मातृभूमी, देव, मृत्यू यांवरच्या गीतांना हात आखडता घेताना परीक्षकाला अपराधी वाटतं. विषय मोठा असणं ही स्पर्धकाची कमाई नाही. दोन, खेळकर गीत. भावनेचा खरेपणा म्हणजे उदासपणा असा समज इतका खोल रुजलेला असतो की मिश्कील, चिडवणारं किंवा नाचायला लावणारं गीत या रकान्यात हमखास मागे पडतं. त्यातली मस्ती अस्सल आहे का, एवढंच पाहा, आणि असेल तर चार द्यायला कचरू नका. एखादा विषय तुमच्याच ताज्या दुःखाला भिडत असेल तर गुणांशेजारी तशी खूण करा आणि दुसऱ्या दिवशी ते गीत पुन्हा वाचा.

एक दोष एकाच रकान्यात मोजायचा, हेही इथेच सांगायला हवं. ‘हृदयाची या वेदना तीव्र’ ही ओळ घासलेली आहे, भावनेचं नाव घेते आणि गायला अडते. चारही ठिकाणी तिच्यासाठी गुण कापले तर एका ओळीने गीत बुडतं. तिचा उच्चार आणि ताल गेयतेत मोजला, भावनेचं नाव घेणं खरेपणात. मग नवेपणात तिला सोडायचं, तिथे ‘जाळत’ची ओळ पुरेशी आहे.

तीन परीक्षक, एक बेरीज

समजा पहिल्या तीन रकान्यांत तिघांचेही गुण जुळले: नवेपणा तीन, सुसंगती दोन, गेयता तीनचे दुप्पट सहा. भावनेच्या खरेपणात मात्र पहिल्याने चार दिले, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने दोन. फरक दोनचा आहे, म्हणजे चर्चा. चर्चेत गीत कसं वाटलं हे बोलायचं नाही, ओळ दाखवायची. पहिला परीक्षक उशांच्या जागेवर बोट ठेवतो, दुसरा शेवटच्या दोन ओळींवर. पहिल्याला मान्य होतं की त्याने चार दिले ते पाच ओळींना, आठ ओळींना नाही. तो तीनवर येतो. उरलेला एका गुणाचा फरक तसाच राहू द्या. सगळ्यांना एका आकड्यावर आणण्याच्या हट्टात ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा जिंकतो. आता बेरजा चौदा, तेरा आणि तेरा, सरासरी 13.33.

वरची गीतं एकमेकांच्या एक गुणाच्या आत असतील तर बेरजेवर विसंबू नका. ती दोन-तीन गीतं टाळीवर मोठ्याने म्हणा, सगळ्यांच्या देखत, आणि समसमान गुणांत कोणता निकष आधी बघायचा ते नियमांत लिहिलेलं असेल त्याप्रमाणे ठरवा. लिहिलेलं नसेल तर गेयता धरा, कारण तिच्याबद्दलचा वाद टाळी वाजवून मिटतो.

स्पर्धकाला शेरा द्यायचा असेल तर प्रत्येक निकषासमोर त्याचीच एक ओळ उतरवा आणि कारण लिहा. नवी ओळ सुचवू नका. ती तुमची होईल. नमुना गीताचा शेरा असा होईल: ‘उशांमधली जागा शोधणारा हात मनात राहतो. छत्री ओली असताना वर्षं कशी सरली, हे शब्दांत कुठे कळत नाही. “तीव्र” हा शब्द लांब सुराच्या जागी आला आहे, तिथे मोकळ्या स्वराचा शब्द हवा. शेवटच्या दोन ओळी जे नाव घेऊन सांगतात ते पहिल्या अंतऱ्यात आधीच दिसलं आहे.’